पिवळा अधिक निळा: पाच मिनिटांच्या भाषणाचं प्रकरण

पार्श्वभूमी

डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवतो. डिसेंबरात शाळेचं प्रदर्शन असतं. प्रत्येक गटाला एक टेबल मिळतं आणि शिवाय मंचावर पाच मिनिटं बोलायला मिळतं. इथे सांगतो ते प्रकरण अशाच एका पाच मिनिटांचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि एकदोन तपशील बदलले आहेत.

नववीतल्या एका मुलीने विषय स्वतःच आणला होता. संगणकाच्या तासाला तिला सांगितलं गेलं की मूळ रंग लाल, हिरवा आणि निळा. चित्रकलेच्या तासाला ती पाचवीपासून शिकत आली होती लाल, पिवळा आणि निळा. ‘‘सर, दोघांतलं खरं कुठलं?’’ असं तिने व्हरांड्यात विचारलं, आणि मी घाईत होतो म्हणून म्हणालो, ‘‘दोन्ही. एक प्रकाशाचं, एक रंगांचं. प्रदर्शनात हेच मांड.’’ हे उत्तर अर्धंच बरोबर होतं. ते मला पुढच्या पंधरा दिवसांत कळलं.

तिच्या बाबांची गणपतींची चित्रशाळा आहे. चवथीच्या आधीचे दोन महिने घरात सगळीकडे रंगाचे डबे असतात. त्यामुळे रंग कालवण्याचा तिचा हात माझ्यापेक्षा केव्हाही चांगला होता, आणि पुढे ते कामाला आलं.

अडचण

पहिल्या तालमीत भाषण दोन मिनिटांत संपलं. त्यात एक वाक्य होतं: ‘‘प्रकाश मिसळताना बेरीज होते आणि रंग मिसळताना वजाबाकी, म्हणून दोघांचे मूळ रंग वेगळे.’’ वाक्यात चूक काही नव्हती. पण आठवीतल्या एका मुलाने लगेच विचारलं, ‘‘कशातून काय वजा?’’ आणि ती गप्प झाली. वाक्य पुस्तकातून उचललेलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही ते वर्गात तसंच उचलून देत आलो होतो.

पाठोपाठ प्रयोगही फसला. तीन टॉर्चवर लाल, हिरवा आणि निळा जिलेटिन कागद लावून तिन्ही झोत भिंतीवर एकत्र पाडायचे होते. मधे पांढरा दिसायला हवा होता, तिथे फिकट पिवळसर डाग पडला. लाल आणि हिरवा एकत्र केल्यावर पिवळ्याऐवजी मळका नारिंगी आला. कारणं एकामागून एक सापडली. सभागृहाची भिंत क्रीम रंगाची होती, म्हणजे तीच थोडा निळा प्रकाश गिळत होती. भिंतीवर पांढरा कागद चिकटवल्यावर डागाचा पिवळेपणा लगेच कमी झाला. हिरवा जिलेटिन कागद फार गडद होता, त्यामुळे लालापुढे हिरवा झोत क्षीण पडत होता. आणि सभागृहाच्या दोन्ही बाजूंना मोठमोठ्या खिडक्या, पडदे नाहीत. सकाळी अकरा वाजता तिथे टॉर्चचा झोत दिसतो हेच नवल.

तिसरी अडचण मात्र प्रयोगाची नव्हती, मुद्द्याचीच होती. वजाबाकीचा हिशोब नीट मांडला तर रंगद्रव्यांचे मूळ रंग लाल, पिवळा, निळा येतच नाहीत. येतात ते आकाशी, राणी आणि पिवळा, म्हणजे छापखान्यात सायन, मॅजेंटा आणि यलो म्हणतात ते. भाषणाचं शीर्षकच ‘लाल-पिवळा-निळा की लाल-हिरवा-निळा’ असं होतं, आणि पहिल्या रांगेत चित्रकलेच्या टीचर बसणार होत्या.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय टॉर्चचा प्रयोग सुधारण्याचा. काळे पडदे, पांढरा पडदा, चांगले फिल्टर. पण पडदे भाड्याने आणायचे आणि त्या एका भाषणासाठी सभागृह अंधारायचं, याला मुख्याध्यापक तयार होणार नव्हते. शिवाय पाच मिनिटांतली दोन खिडक्या बंद करण्यात गेली असती.

दुसरा, न्यूटनची चकती. सात रंगांची चकती फिरवली की पांढरी दिसते, असं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात ती राखाडी दिसते, कारण चकतीचा प्रत्येक भाग प्रकाशाचा काही वाटा खाऊन उरलेलाच परत पाठवतो. त्याहून मोठी भीती वेगळी होती. चकतीवर लावलेले असतात रंग, पण फिरताना मिसळतो तो त्यांच्यावरून परतलेला प्रकाश. ज्या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवायच्या, त्यांचीच इथे गल्लत होणार. म्हणून मी चकती बाद केली.

तिसरा पर्याय प्रयोग सोडून देण्याचा: एकमेकांवर चढलेली तीन-तीन वर्तुळं काढलेले दोन तक्ते आणि नुसतं बोलणं. तिला हा बिलकूल मान्य नव्हता.

चौथा पर्याय तिच्या तोंडूनच आला, आणि तोही माझ्या आक्षेपातून. मी चकती का नको ते समजावत होतो, तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग सर, तेच रंग एकदा कालवून दाखवायचे आणि एकदा फिरवून दाखवायचे. बाटली तीच. उत्तर वेगळं आलं तर फरक रंगात नाही, मिसळण्यात आहे.’’

हाच या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण. ज्या गल्लतीला मी भीत होतो, तिचाच तिने पुरावा केला. स्कॉटिश शास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८५५ साली अशाच फिरत्या रंगीत कागदांवरून दाखवलं होतं की निळा आणि पिवळा असे मिसळले तर हिरवा होत नाही. मला हे वाचून माहीत होतं, पण टेबलावर आणायचं सुचलं नव्हतं.

काय केलं

आधी ‘कशातून काय वजा’ याचं उत्तर तयार केलं. पांढऱ्या उजेडाचे आपण सोयीसाठी तीन वाटे धरले: लाल, हिरवा, निळा. पिवळा रंग यातला निळा वाटा खातो आणि लाल व हिरवा परत पाठवतो. लाल आणि हिरवा एकत्र डोळ्यात शिरले की आपल्याला पिवळं दिसतं. आकाशीकडे झुकणारा निळा रंग लाल वाटा खातो आणि हिरवा व निळा परत पाठवतो. आता हे दोन रंग वाटीत कालवले तर उजेड दोघांच्याही कणांमधून वाट काढत येतो. एकाने निळा खाल्ला, दुसऱ्याने लाल. दोघांनीही सोडलेला एकच वाटा उरतो, हिरवा. म्हणजे वाटीत नवं काही तयार होत नाही. दोघांच्या जेवणावळीतून जे वाचलं तेवढंच बाहेर येतं. ‘जेवणावळ’ हा शब्द तिचा, मी तो ठेवला.

मग चकती. पहिली तिने भोवऱ्यावर बसवली. अर्धी पिवळी, अर्धी आकाशी निळी. भोवरा फिरला आणि चकती दिसली फिकट हिरवी! सगळा मुद्दाच कोसळला. तिचा चेहरा उतरला, आणि मलाही क्षणभर उत्तर सुचेना. नंतर वरचाच हिशोब लावला तेव्हा कळलं: पिवळा हिरवा सोडतो, आकाशीही हिरवा सोडतो, म्हणून सरासरीत हिरव्याचं पारडं जड होणारच. इथे आकाशी चालणार नव्हता. जांभळ्याकडे झुकणारा, हिरवा जवळजवळ न सोडणारा निळा हवा होता. चित्रशाळेतून अल्ट्रामरीन आला, कपड्यांना घालायच्या निळीच्या जातीचा. तो पिवळ्यात कालवला तर झळाळता पोपटी मिळत नाही, शेवाळी हिरवा मिळतो, कारण अल्ट्रामरीनमधून हिरवा जेमतेम निसटतो. पण तो हिरवा आहे यात कोणाला शंका येत नाही, आणि आम्हाला तेवढंच पुरेसं होतं.

दुसरी अडचण फडफडीची. हाताने फिरवलेला भोवरा लगेच मंदावतो आणि रंग लुकलुकू लागतात. संगणकाच्या जुन्या डब्यातला पंखा काढला, बारा व्होल्टच्या ॲडॉप्टरवर लावला आणि मधल्या गोल भागावर बारा सेंटिमीटरची पुठ्ठ्याची चकती चिकटवली. दोन मोठ्या भागांऐवजी चार भाग केले, पिवळा-निळा-पिवळा-निळा, म्हणजे एका फेरीत रंग दोनदा येऊन जातात. फडफड थांबली.

उरला वाट्याचा प्रश्न. निम्मा पिवळा आणि निम्मा निळा घेतला तर फिरताना पिवळसर दिसतं, कारण पिवळा पुष्कळ उजेड परत पाठवतो आणि अल्ट्रामरीन फार थोडा. निळा वाढवत नेला. एकूण २३० अंश निळा आणि १३० अंश पिवळा, म्हणजे प्रत्येकी दोन तुकडे ११५ आणि ६५ अंशांचे, असं केल्यावर चकती राखाडी झाली, किंचित गुलाबी झाक असलेली. हिरव्याचा मागमूस नाही. आणि गंमत म्हणजे टॉर्चला नडलेल्या त्याच मोठ्या खिडक्या इथे उपयोगी पडल्या. काही ट्यूबलाइटखाली फिरत्या चकतीवर पट्टे उमटतात, दिवसाच्या उजेडात ते उमटत नाहीत.

राखाडीवर थांबलो तर लोक विचारतील, ‘यात प्रकाशाचं काय?’ म्हणून त्याच जोडीचं एक खऱ्या प्रकाशाचं उदाहरण हवं होतं, आणि ते प्रत्येकाच्या खिशात होतं. मोबाइलचा टॉर्च बंद करून त्याच्या भिंगाआड पाहिलं तर बारीक पिवळा चौकोन दिसतो. पांढऱ्या एलईडीत आतली चिप निळा प्रकाश देते. तिच्यावर पिवळा लेप असतो. काही निळा त्यातून तसाच पार होतो, काही लेप शोषतो आणि पिवळसर करून बाहेर टाकतो. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. कालवलेल्या रंगांत जी जोडी हिरवी होते, ती प्रकाशात पांढरी होते. ज्या निळ्या एलईडीमुळे हे दिवे शक्य झाले, तिच्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं, हे तिला भाषणात घालायचं होतं. मी काढायला लावलं. आज वाटतं, एक वाक्य चाललं असतं.

आता चित्रकलेच्या टीचर. मी सुचवलं की हा भाग गाळूया. ‘लाल-पिवळा-निळा’ म्हणायचं आणि पुढे जायचं. तिने ऐकलं नाही. ती थेट टीचरांकडे गेली, आणि बरं केलं. आम्ही झेरॉक्सवाल्याकडून प्रिंटरच्या शाईचे थोडे थोडे थेंब आणले होते: आकाशी, राणी, पिवळी. अर्धा ग्लास पाण्यात दोन-दोन थेंब. टीचरांसमोर तिने राणीचा ग्लास पुढे ठेवला, पिवळ्याचा त्याच्या मागे, त्यामागे पांढरा कागद. दोन्हींतून पाहिलं तर सरळ लाल. टीचर म्हणाल्या, ‘‘लाल जर दोघांतून झाला, तर तो मूळ कसला?’’ मग स्वतःच पुढे म्हणाल्या, ‘‘पण तुमच्या रंगपेटीत राणी नसतो गं. जे हाताशी आहे त्यातलं जवळचं सांगतो आम्ही.’’ मला हे उत्तर फार पटलं. लाल-पिवळा-निळा ही चूक नाही, जुन्या डब्यांतून निघालेली कामचलाऊ निवड आहे. लाल रंग हिरवा आणि निळा असे दोन वाटे एकदम खातो, म्हणून त्याच्यातून चांगला जांभळा काढता येत नाही. निळ्यात शेंदरी लाल कालवून चॉकलेटी हाती आल्याचा अनुभव प्रत्येक मुलाला असतो.

बाबांना तर हे नवीनच नव्हतं. ‘‘राणीत पिवळा टाकला की कुंकवाचा लाल येतो, हे आम्ही दरवर्षी करतो,’’ ते म्हणाले. त्यांना फक्त त्यामागचा हिशोब ठाऊक नव्हता, आणि तो त्यांना लेकीने सांगितला.

प्रदर्शनाच्या दिवशी

भाषण चार मिनिटं चाळीस सेकंद चाललं. सुरुवातीला व्याख्या नाही. तिने एक वाटी घेतली, पिवळा आणि निळा कालवला, कागदावर फासला आणि विचारलं, ‘‘काय झालं?’’ सगळे म्हणाले हिरवा. मग चकती दाखवली, त्याच बाटल्यांतले रंग आहेत हे सांगितलं, आणि बटण दाबण्याआधी पुन्हा विचारलं. सगळे म्हणाले हिरवा. पंखा फिरला, चकती राखाडी झाली आणि सभागृहात कुजबुज सुरू झाली. जेवणावळीचा हिशोब यानंतर आला, त्यामुळे तो ऐकायला लोक तयार होते.

शेवटचं मिनिट मूळ रंगांचं. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, म्हणून तीन. अंधारातून सुरू करून प्रकाश घालत जायचं असेल, तर प्रत्येक दिव्याने शक्यतो एकाच प्रकारच्या पेशीला जागं करावं, म्हणून लाल, हिरवा, निळा. पांढऱ्या कागदावरून सुरू करून कमी करत जायचं असेल, तर प्रत्येक रंगाने एकच वाटा खावा, म्हणून लाल खाणारा आकाशी, हिरवा खाणारा राणी, निळा खाणारा पिवळा. तिन्ही वाटे तेच आहेत. एकीकडे ते चालू करायचे, दुसरीकडे बंद करायचे. हे सांगताना तिने वर्तमानपत्राचं पान उंच धरलं आणि कडेला छापलेले चार रंगीत ठिपके दाखवले. चौथा काळा, तीन शाया एकमेकींवर चढवल्या तरी पुरता काळा येत नाही, मळकट तपकिरी येतो, म्हणून छापखाना काळी शाई वेगळी ठेवतो.

परीक्षकांनी एक प्रश्न विचारला: ‘‘इंद्रधनुष्यात राणी रंग कुठे असतो?’’ ती थांबली. मी खालून बोललो, ‘‘नसतो!’’ आणि पुढचं उत्तरही मीच देऊन टाकलं: लाल आणि निळ्याच्या टोकाच्या पेशी जाग्या, मधली हिरव्याची झोपलेली, अशी अवस्था एका रंगाच्या प्रकाशाने होत नाही, दोन टोकांचा प्रकाश एकदम लागतो. उत्तर बरोबर होतं, पण द्यायला नको होतं. टेबलापाशी आल्यावर ती म्हणाली की ती जेवणावळीवरून तिथेच पोचत होती: राणी म्हणजे हिरवा गेला, लाल आणि निळा उरले, आणि ते धनुष्याच्या दोन टोकांना.

गटाला बक्षीस मिळालं नाही. टेबलावर मात्र दुपारपर्यंत गर्दी होती, बहुतेक ग्लास मागेपुढे करणाऱ्या लहान मुलांची. कोणीतरी आकाशीच्या ग्लासात बाटलीतली उरलेली शाई ओतली आणि तो ग्लास काळा पडला. दुपारनंतर राणी आणि पिवळा एवढीच जोडी चालली.

पुन्हा करायचं झालं तर

शाईचे ग्लास उघडे ठेवणार नाही. झाकणाच्या, सपाट बाजूंच्या बाटल्या घेईन. गोल ग्लास भिंगासारखा वागतो आणि मागचा रंग कडेला पसरतो. शिवाय ही शाई गणवेशावरून सहजी जात नाही, हे तीन पालकांनी मला नंतर सांगितलं.

टॉर्चचा प्रयोग मी फार लवकर सोडला. नंतर सुट्टीत आम्ही तीन छोटे एलईडी, लाल, हिरवा आणि निळा, टेबल टेनिसच्या चेंडूत बसवले आणि यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालवले. लालला दीडशे ओहमचा रोध आणि निळ्याला शंभराचा. हिरव्यालाही आधी शंभराचाच लावला, पण चेंडू पोपटी दिसायला लागला, कारण डोळ्याला हिरवा जास्त उजळ दिसतो. तिथे ४७० ओहम लावल्यावर लाल-हिरव्याचा पिवळा जमला. चेंडू उजेडातही दिसतो. पडद्यांचा प्रश्नच आला नसता. मी ‘अंधार हवा’ असं धरून बसलो होतो, तर हवं होतं ते प्रकाश मिसळायला लहानशी बंद जागा.

व्हरांड्यातलं माझं पहिलं उत्तरही बदलीन. ‘एक प्रकाशाचं, एक रंगांचं’ असं म्हटल्यामुळे तिने पंधरा दिवसांतले पहिले आठ दोन वेगळ्या याद्या पाठ करण्यात घालवले.

चकती प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. मागे तिने पेन्सिलीने ‘निळा २३०’ लिहून ठेवलंय. गेल्या महिन्यात पावसाळी दुपारी मी ती परत फिरवली तर निळसर वाटली. त्या उजेडात पिवळा थोडा वाढवावा लागणार.